सत्तू, शुगर आणि किडनी

"बाबांना शुगर आहे, क्रिएटिनिन १.९ आलंय. उन्हाळ्यात रोज सत्तू दिला तर चालेल ना? प्रोटीन, फायबर भरपूर असतं."

शुगरपुरतं बोलायचं तर चालेल, पण फक्त भाजलेल्या चण्याचा आणि बिनगुळाचा. आपल्याकडे नागपुरात घरोघरी गहू आणि डाळवं भाजून सातूचं पीठ दळतात अन् गुळाच्या पाण्यात कालवतात, त्यानं साखर चढणारच. किडनीचा मुद्दा मात्र वेगळा आहे. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा किडनी गाळते, तो १.९ म्हणजे तिचं काम मंदावलंय. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम चणासत्तूत ६-७ ग्रॅम प्रोटीन असतं. डायलिसिस नसलेल्या किडनीच्या रुग्णाला बहुतेकदा किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात. वजन ६० किलो असेल तर दिवसाचे ३६ ते ४८ ग्रॅम. म्हणून सत्तू द्यायचाच तर त्या दिवशी वरणाची वाटी कमी करा, वरून वाढवू नका.

मला जास्त काळजी पोटॅशियमची वाटते, कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकलं की त्यातलं थोडं पोटॅशियम निघून जातं. सत्तूत फेकायला पाणीच नसतं, सगळं पोटात जातं. त्यात 'लो सोडियम' मीठ घातलं तर आणखी भर, कारण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. आधी बाबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. तो वाढलेला असेल तर सत्तू नकोच. पाण्यावर मर्यादा असेल तर हा ग्लासही त्यातच मोजायचा, नागपुरात पारा ४५ वर असला तरी.