१०+० मध्ये सातव्या चालीला मात : ओपनिंग पाठ करू, की वेळ बदलू? (मदत हवी आहे)

सिडकोकर

नमस्कार मंडळी. राहतो सिडकोत, नोकरी गोंद्याला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता आणि रात्री जेवणानंतर ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. चाली लहानपणापासून माहीत होत्या, नेमाने खेळायला लागलो ते यंदाच. लिचेसवर रॅपिडचं रेटिंग अकराशेच्या आसपास आहे, चेस डॉट कॉमवर सातशेच्या. ब्लिट्झ दोन्हीकडे त्याहून खाली.

पांढऱ्याकडून इटालियन खेळतो. एका व्हिडिओ मालिकेतून दहा-बारा चालींपर्यंत सगळं वहीत उतरवून पाठ केलंय. पण समोरचा तिसऱ्या नाहीतर चौथ्या चालीलाच वहीबाहेर जातो. कालचा डाव बघा, १०+० चा, मी पांढरा:

```
1. e4 e5 2. Nf3 Nc6 3. Bc4 Nd4 4. Nxe5 Qg5
5. Nxf7 Qxg2 6. Rf1 Qxe4+ 7. Be2 Nf3#
```

चौथ्या चालीला प्यादं फुकट मिळत होतं, घेतलं. पाचव्या चालीला माझा घोडा त्याच्या वजिरावर आणि हत्तीवर एकदम बसला, म्हणजे डाव माझाच वाटत होता. आणि सातव्याला मात.

विचारायचंय ते असं. ओपनिंगचा विकतचा कोर्स घ्यावा का? कोणती वेळ खेळावी? लिचेस ५+३ ला ब्लिट्झ म्हणतं आणि ५+५ ला रॅपिड, यात काय हिशोब आहे? आणि माझं खरं रेटिंग कोणतं, ७०० की ११००?

वजीरबहाद्दर

कोर्स अजिबात घेऊ नका. हजार-बाराशेच्या खाली ओपनिंग शिकायचंच नसतं, नुसती कोडी सोडवायची. दुसरं, १०+० सोडून ३+० खेळा. तासाभरात आठ-दहा डाव होतात, हात आपोआप बसतो. इटालियनही सोडा आणि लंडन लावा. d4, मग उंट f4 वर, e3, c3. समोरचा काहीही करो, आपली मांडणी तीच. पाठांतराची कटकटच संपली.

मीनल_पंचवटी

आमची मुलगी नववीत आहे, चेस डॉट कॉमवर रॅपिड १३०० आहे. विदितमुळे आपल्या नाशकात सगळ्यांना ग्रँडमास्टर व्हायचंय, तशी तीही मागे लागलीय. १३०० म्हणजे फिडेचं रेटिंग साधारण किती धरायचं? सिडकोकर, तुम्ही कुठे क्लास लावलाय का?

सिडकोकर

नाही ताई, क्लास नाही, घरच्या घरीच चाललंय.

जुना_पट

मीनलताई, ऑनलाइन आकडा फिडेत बदलून मिळत नाही. त्यासाठी पटावर, फिडेकडे नोंद असलेल्या स्पर्धांमध्ये खेळावं लागतं आणि रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव व्हावे लागतात. शिवाय १ मार्च २०२४ पासून फिडेची यादी १४०० ला सुरू होते, त्याखाली निकाल आला तर नाव यादीत लागतच नाही. मुलीला एखाद्या जवळच्या स्पर्धेत उतरवा, तिथे लगेच अंदाज येईल.

सिडकोकर, मला आधी एक सांगा. मात झाली तेव्हा तुमच्या घड्याळात किती वेळ उरला होता? डाव उघडलात की चालीच्या बाजूला दिसेल.

सिडकोकर

आत्ता पाहिलं. नऊ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. चौथी चाल तीन सेकंदांत खेळलोय.

जुना_पट

मग उत्तर तिथेच आहे. वेळ कमी पडला नाही, वेळ वापरलाच गेला नाही. वही संपली त्या चालीला थांबायला हवं होतं आणि नेमकी तीच चाल सगळ्यात झटपट झाली. पाठांतर करणाऱ्या नवख्यांचं हे नेहमी होतं. वहीतल्या चाली भराभर खेळायची सवय लागते आणि वही संपल्यावरही हात त्याच वेगाने चालत राहतो.

आता तो क्षण नीट बघू. तिसऱ्या चालीला काळ्याचा घोडा c6 वरून d4 वर आला. e5 च्या प्याद्याची राखण तोच करत होता, म्हणजे प्यादं खरोखर उघडं पडलं. तुम्हाला दिसलं ते बरोबरच होतं. पुढचा प्रश्न राहिला: हा प्यादं सोडून का गेला, आणि मी ते घेतल्यावर त्याला कोणतं घर मिळतं? उत्तर g5. तिथून वजीर तुमचा e5 चा घोडा आणि g2 चं प्यादं, दोन्हीवर एकदम नजर ठेवतो. तुमचा घोडा f3 वरून निघून गेल्यामुळे g5 वर यायला त्याला कोणी अडवतही नाही. म्हणजे डाव सातव्या चालीला गेला नाही, चौथ्या चालीला वाकडा झाला. शेवटी f3 वर घोडा बसला तेव्हा तुमचा e2 चा उंट राजासमोर बांधला गेला होता, तो घेऊ शकत नव्हता, आणि राजाभोवतीची सगळी घरं तुमच्याच मोहऱ्यांनी अडवली होती.

आता साधं उत्तर बघा:

```
4. Nxd4 exd4 5. O-O
```

घोड्याला घोडा घेतला आणि कॅसलिंग केलं. मग पट मोजा. काळ्याने एकाच घोड्याला दोन चाली दिल्या आणि तो घोडाही पटावरून गेला. आता त्याचं एकही मोहरं बाहेर आलेलं नाही, d4 वर एक एकटं प्यादं तेवढं आहे. तुमचा उंट c4 वर, राजा सुरक्षित, पुढे d3 किंवा c3 खेळायला मोकळे. यासाठी पाठांतर लागलं नाही. त्याने एकच मोहरं पुन्हा हलवलं आणि पटाच्या मध्यावर आणलं, मग ते बदलून टाकावं का, एवढं विचारलं की चाल सापडते.

म्हणून कोर्सवर पैसे घालू नका, आणि ओपनिंग अजिबात शिकू नये हेही मला पटत नाही. शिकायचं ते आपल्याच डावांतून. डाव संपला की वहीबाहेरची पहिली चाल कोणती आणि कोणी केली ते शोधा. इंजिन लावण्याआधी दोन मिनिटं स्वतः उत्तर शोधा, मग पडताळा. वहीत एकच ओळ लिहा: त्याची चाल, माझं उत्तर, आणि कारण चार शब्दांत. कारण लिहिता आलं नाही तर ती चाल अजून कळलेली नाही असं समजा. बारा चालींची ओळ पाठ केलीत तर बहुतेक डावांत पाचव्या चालीपुढचं काही पटावर येतच नाही.

लिचेसवर विश्लेषणाच्या पटाला ओपनिंग एक्सप्लोरर आहे, फुकट आहे. त्यात मास्टर्सचा डेटाबेस सोडून लिचेसचा निवडा आणि रेटिंग आपल्या पट्ट्यातलं, १००० आणि १२००, एवढंच चालू ठेवा. 3. Bc4 नंतर तुमच्यासारखी माणसं खरोखर काय खेळतात ते दिसेल. व्हिडिओवाले शिकवतात ते आणि हे, यात बराच फरक आढळेल.

वजीरबहाद्दर

पण मग लंडनमध्ये ही भानगडच नाही ना. कोणी d4 वर घोडा आणू दे की कुठेही.

जुना_पट

लंडन चांगलं आहे, मी स्वतः खेळतो. पण समोरचा काहीही करो, हे खरं नाही. d4 d5, Bf4 c5, e3 Qb6 असं झालं की काळ्याचा वजीर b2 च्या प्याद्यावर येतो, कारण त्याची राखण करणारा उंट तुम्ही f4 ला नेलाय. ठरलेली पुढची चाल डोळे मिटून खेळलात तर प्यादं गेलं, आणि कधीकधी त्यापाठोपाठ हत्तीही. तिथेही थांबावंच लागतं.

कोड्यांचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. कालच्या डावात g5 चं घर दिसलं असतं ते कोडी सोडवूनच.

३+० बद्दल माझा ठाम विरोध आहे. वहीबाहेरच्या चालीला अर्धा मिनिट द्यायचा म्हटलं तर तीनातला सहावा हिस्सा तिथेच गेला. मी १५+१० सांगेन. चाळीस चालींचा डाव धरला तर चालीमागे दहा सेकंद मिळून आणखी ४०० सेकंद होतात, म्हणजे एकेकाला एकवीस-बावीस मिनिटं. थांबायला जागा मिळते आणि शेवटी जिंकलेला डाव घड्याळावर जात नाही.

लिचेस हाच हिशोब लावतं. मूळ वेळ, अधिक चाळीस गुणिले वाढीव सेकंद. ५+३ म्हणजे ३००+१२०, ४२० सेकंद. ५+५ म्हणजे ३००+२००, ५०० सेकंद. ४८० पासून रॅपिड सुरू होतं, म्हणून एक इकडे आणि एक तिकडे. प्रत्येक गटाचं रेटिंगही वेगळं धरलं जातं, त्यामुळे तुमचं ब्लिट्झ खाली दिसतंय त्याची काळजी नको.

७०० आणि ११०० दोन्ही खरीच. लिचेस प्रत्येकाला १५०० वर सुरू करतं. चेस डॉट कॉम खातं उघडताना तुमची पातळी विचारतं आणि त्याप्रमाणे सुरुवात देतं. खेळणारी माणसंही वेगळी. खालच्या पट्ट्यात तोच माणूस लिचेसवर काही शे गुणांनी वर दिसणं नेहमीचं आहे. एकीकडचा आकडा दुसरीकडे लावू नका, त्याच ठिकाणी महिन्यामागचा आकडा बघा.

सिडकोकर

खूप आभार दादा, चौथ्या चालीचं आता पुरतं डोक्यात बसलं. अडचण बसची आहे. १५+१० चा डाव लांबला तर गोंदं येतं, आणि वाडिवऱ्ह्याच्या आसपास माझं नेटवर्क जातं. घड्याळ चालूच राहतं, समोरच्याला विजय मागायची सोय मिळते.

जुना_पट

मग बसमध्ये डाव खेळूच नका. तिथे कोडी सोडवा आणि आदल्या रात्रीच्या डावातली वहीबाहेरची चाल शोधा. डाव रात्री एकच, पण पूर्ण लक्ष देऊन.

वजीरबहाद्दर

एका डावाने काय होणार? मला तरी रोज पाच-सहा खेळल्याशिवाय नजर बसत नाही. १०+० चे दोन खेळा म्हणतो मी.

जुना_पट

दोन खेळले आणि दोन्ही तपासले तर माझी हरकत नाही.

सिडकोकर

एक्सप्लोरर लावून बघितला. आमच्या पट्ट्यात 3. Bc4 नंतर d6 आणि h6 भरपूर आहेत, माझ्या वहीत दोन्हींवर एक अक्षर नाही. h6 वर मी O-O, मग c3 आणि d4 लिहिलंय. कारण: ‘त्याने मोहरं काढलं नाही, मी मध्य घेतो.’ चालेल का?

जुना_पट

चालेल. तयार असाल तर सरळ चौथ्या चालीलाच d4 करून बघा, h6 मुळे त्याची एक चाल मागे आहे.

मीनल_पंचवटी

मुलीला हा डाव दाखवला. ती म्हणते, चौथ्या चालीला प्यादं घेतलं तरी पाचव्याला घोड्याऐवजी उंटाने f7 घेऊन शह द्यायचा, मग मात होत नाही. बरोबर आहे का तिचं?

जुना_पट

मात नक्कीच टळते, छान पाहिलंय तिने. राजा e7 वर आला, पांढऱ्याने कॅसलिंग केलं की काळा वजीर e5 चा घोडा खातो, मग उंट g8 वरचा घोडा घेतो आणि हत्ती उंट घेतो. पांढऱ्याचं एक मोहरं कमी, बदल्यात दोन प्यादी आणि काळा राजा उघड्यावर. मी पांढऱ्याकडून आनंदाने खेळेन. सातशेच्या पातळीवर ते कोणाला सोपं जाईल, यावर मात्र तिचं आणि वजीरबहाद्दरांचं मत ऐकायला आवडेल.