उत्तर: अपूर्णांक आणि क्रमवाचक

"फ्रेंचमध्ये तीन चतुर्थांश म्हणताना 'त्र्वा कात्रिएम' का चालत नाही?"

कारण 'कात्रिएम' म्हणजे क्रमाने चौथा. अर्धा, तृतीयांश आणि चतुर्थांश या तिघांनाच फ्रेंचमध्ये 'दमी', 'तिएर' आणि 'कार' असे स्वतंत्र शब्द आहेत, तर पाचापासून पुढे क्रमवाचक शब्दच अपूर्णांकाचे काम करतो, म्हणजे 'सँकिएम' हा पाचवाही आणि पंचमांशही.

त्यामुळे परीक्षेचा निकाल सांगताना '४०० पैकी ३०० उत्तीर्ण' याचे वाक्य 'ले त्र्वा कार दे कांदिदा ओं-तेते रस्यू' असे होते आणि क्रियापद अनेकवचनी राहते. टक्केवारीत मात्र दशांश चिन्ह स्वल्पविराम असते, म्हणून 87,5 % मधला स्वल्पविराम 'व्हिर्ग्यूल' असा उच्चारावा लागतो. तो गाळला तर (आणि हे सर्रास घडते) ऐकणाऱ्याला आकडा कळत नाही.