चार लॉट एकाच एक्स्पायरीत, की चार आठवड्यांत एकेक?

सांगलीकर: निफ्टीचे पुट विकतो. चारही लॉट एकाच आठवड्यात विकण्याऐवजी पुढच्या चार एक्स्पायरींत एकेक विकले, तर धोका विभागला जाईल ना?

रेवती, नाशिक: जातोच. एका मंगळवारी बाजार उलटला तरी बाकीच्या तीन लॉटना सावरायला वेळ मिळतो. मी वर्षभर असंच करतेय.

जुना ऑप्शनवाला: वेळ मिळतो, पण तेवढ्यानं भागत नाही. ४ जून २०२४ आठवा. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६३ वर बंद झाला होता. समजा त्या दिवशी तुम्ही २२,५०० चे पुट विकले, ६, १३, २० आणि २७ जूनचा एकेक लॉट. लोकसभा निकालाच्या दिवशी निफ्टी २१,२८१ पर्यंत आला, म्हणजे चारही पुट एकाच वेळी १,२१९ अंकांनी आत. लॉट तेव्हा २५ चा होता. चार लॉटवर जवळपास १ लाख २२ हजार नुसते अंगावर. लांबच्या तारखांना वर भडकलेल्या आयव्हीचा बोजा वेगळा.

६ जूनला निफ्टी २२,८२१ वर बंद झाला आणि जवळचा पुट शून्यावर संपला. तो वाचवला ४ तारखेला खात्यात असलेल्या मार्जिननं. ज्याच्या पोझिशन ब्रोकरनं त्याच दुपारी कापल्या, त्याला तारीख एक काय, चार काय!

आणि एकाच दिवशी चारही विकले तर निफ्टीचा भाव एक, आयव्हीचा माहोल एक, स्ट्राइकही एकाच पातळीवरून ठरलेले. दर आठवड्याला चार आठवडे लांबचा एकच लॉट विका, जुना संपला की नवा. हळूहळू घसरणाऱ्या बाजारात त्यानं खरंच फरक पडतो, कारण प्रत्येक स्ट्राइक वेगळ्या पातळीवरून ठरलेला असतो. सकाळी उघडतानाच गॅप पडला, तर नाही.

निवृत्त मास्तर: मी एफडी अशाच लावल्यात, दर वर्षी एक पिकते. इथंही तसंच का?

जुना ऑप्शनवाला: नाही, काका. व्याजदर खाली आले तरी तुमच्या जुन्या एफडीचा दर तोच राहतो. इथं निफ्टी पडला की विकलेले सगळे पुट सोबतच महागतात आणि अंगावर येतात.

रेवती, नाशिक: गॅपचं मान्य. पण चारही लॉट ६ जूनचेच असते, तर गॅमाचा मार जास्त बसला असता. आणि चार आठवडे लांबच्या साप्ताहिकाचं काय? तिथं खरेदी-विक्रीच्या भावात एवढं अंतर असतं की निघताना प्रीमियमचा लचका जातो. मी पहिले दोन आठवडे आणि मासिक एवढंच ठेवते.

जुना ऑप्शनवाला: २२,५०० हा बाजारापासून लांब होता, म्हणून सुरुवातीला गॅमा कमीच. पण लिक्विडिटीचं तुमचं बरोबर आहे. मीही मासिकावरच थांबतो.

सांगलीकर: मग जवळचा पुट विकून संरक्षणाला मासिक पुट घेतला तर?

रेवती, नाशिक: एक्स्पायरीच्या दिवसाचं बघा. फेब्रुवारी २०२५ पासून त्या दिवशी संपणाऱ्या पुटला कॅलेंडर स्प्रेडची मार्जिन सवलत मिळत नाही. मला एकदा सोमवारी रात्री पैसे हलवावे लागले. आता मी संपणारा पुट आदल्या दिवशीच काढते.

जुना ऑप्शनवाला: मी काढत नाही, मार्जिन बाजूला ठेवतो. शेवटच्या दिवसाचा थिटा सोडवत नाही.