प्रति: अळ्या पाला खाईनात

> अर्ध्या अळ्या डोकं वर करून गप्प बसल्यात, पाल्याला तोंड लावत नाहीत. रोग असेल का?

रोग नाही, रेशमाच्या अळ्या कातेवर बसल्यात, म्हणजे कात टाकायला थांबल्यात. अंगावरची कातडी ताणून चकचकीत दिसत असेल तर नक्कीच. कोष करण्याआधी अळी अशी 4 वेळा कात टाकते आणि दर वेळी साधारण दिवसभर उपाशी असते. वर कोणीतरी 'कोवळा पाला टाकून बघा' म्हटलंय, ते मात्र करू नका. शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव बसल्या की पाला बंद, वरून चुन्याची हलकी भुकटी आणि हवा खेळती. बेड कोरडा राहिला की कात सहज सुटते.

माझी पहिली बॅच इथेच बिघडली. पाच-दहा अळ्या लवकर उठून फिरताना दिसल्या, दया आली, पाला टाकला. त्या पुढे गेल्या, बाकीच्या मागे राहिल्या. शेवटी काही चंद्रिकेवर कोष विणत होत्या तेव्हा काही अजून तुतीच खात होत्या, आणि पक्व अळ्या एकेक वेचण्यात दोन दिवस गेले. जवळपास सगळ्या उठेपर्यंत थांबा. उठलेली अळी ओळखू येते: डोकं मोठं, कातडी सैल, सुरकुतलेली.