मीटर १२.६ दाखवतो, तरी सेल्फ लागत नाही

> मीटरवर १२.६ व्होल्ट येतात, तरी बाईकचा सेल्फ नुसता टक् करतो. बॅटरी चांगली ना?

मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे तो आकडा फसवा. बॅटरीच्या आतल्या प्लेटा, जोड, ॲसिड या सगळ्यांचा रोध असतो. करंट जितका जास्त, तितके व्होल्ट आतच खर्च होतात. जुन्या बॅटरीत सल्फेट साचून हा रोध वाढतो.

घरी अंदाज काढता येतो. इंजिन बंद ठेवून ५५ वॅटचा हेडलाइट लावा, काही सेकंदांनी थेट टर्मिनलवर मोजा. (क्लिपवर मोजलंत तर गंजलेल्या जोडाचा रोधही त्यात येतो.) समजा १२.६० चे १२.१५ झाले. फरक ०.४५ व्होल्ट, करंट साधारण ४.५ अँपिअर, भागिले की ०.१ ओहम. स्टार्टरने ५० अँपिअर ओढले की ५ व्होल्ट आतच जाणार, मोटरला उरणार साधारण साडेसात. रिले ओढला जातो म्हणून टक् होतं, पण इंजिन फिरत नाही.

नुकतीच चार्ज केली असेल तर काही तास थांबून मोजा, नाहीतर सुरुवातीचा आकडा फुगलेला मिळतो.