मदत हवी आहे: हिशोबाच्या ॲपच्या तीन प्लॅनना नावं आणि एकेक ओळ सुचवा

गल्लेवाला
किरकोळ दुकानदारांसाठी हिशोबाचं छोटं ॲप आहे, पूर्ण मराठीत. प्लॅन तीन:

बेसिक, फुकट: उधारी, जमा-खर्च, वसुलीचा मेसेज.
स्टँडर्ड, महिना १४९ रु.: बिलं, साठा, जीएसटीआर-१ ची फाइल.
प्रीमियम, महिना ३९९ रु.: तीन जणांना लॉगिन, दोन गोदामं, बदलांची नोंद.

नावाखालची ओळ सध्या 'जीएसटी अनुपालन आणि स्वयंचलित अहवाल' अशी आहे. फोन करणारे हमखास विचारतात, "जीएसटीसाठी प्रीमियमच घ्यावं लागेल ना?" म्हणजे नावावरून काहीच कळत नाही. सुटसुटीत नावं आणि एका ओळीत फायदा हवा आहे.

चटणीभाकर
चांदी, सोनं, हिरा. सगळ्यांना कळतं, चढता क्रमही आपोआप येतो.

रोजमेळ
क्रम कळतो, पण आपण कोणत्या पायरीवर बसतो ते कळत नाही. आणि तुमचं ॲप सराफानं घेतलं तर 'सोनं संपत आलं, नूतनीकरण करा' हा मेसेज बघून त्याच्या पोटात गोळाच येईल.

नाव माणसाच्या धंद्याचा आकार सांगणारं हवं, आणि ओळीनं त्याच्या डोक्यावरचं कोणतं काम उतरतं ते सांगावं. माझी सूचना: गल्ला, दुकान, पेढी. तिन्ही एकाच घरातली, बोलीतली, आणि कोणती मोठी ते सांगावं लागत नाही. आधी 'वही' मनात होतं, पण तुमच्या ॲपमध्ये 'नवी वही' असं बटण आहे का?

गल्लेवाला
आहे. दुसऱ्या फर्मचा हिशोब उघडायला.

रोजमेळ
मग 'वही' बाद. प्लॅनचं नाव वही आणि बटणही वही असेल, तर 'नवी वही' दाबल्यावर पैसे कापले जातील या भीतीनं कोणी ते दाबणार नाही. नाव ठरवण्याआधी ॲपमधले सगळे शब्द एकदा शोधून घ्या. 'गल्ला' हा शब्द रोख शिल्लक दाखवायला वापरला असेल तर तिथेही हीच अडचण येईल.

सोसायटीचा_खजिनदार
आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स यात बसेल का? ४८ फ्लॅट आहेत, थकबाकीवर व्याज लावावं लागतं.

गल्लेवाला
नाही साहेब, व्याजाची सोय नाही. हे दुकानांसाठी आहे.

सोसायटीचा_खजिनदार
'पेढी' म्हटल्यावर वाटलं ठेवी-व्याज वगैरे असेल.

रोजमेळ
ही शंका फुकटात मिळाली, टिपून ठेवा. 'पेढी' म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर सावकारी येते.

आकडेमोड
नावांत गुंतण्यापेक्षा उलाढालीवर भाग पाडा. ४० लाखांच्या आत फुकट, वर गेला की स्टँडर्ड. जीएसटीची मर्यादाच तेवढी आहे, वाद मिटला.

जमा_नावे
अर्धं बरोबर. ४० लाख ही मर्यादा महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला. सेवा देणाऱ्याला २० लाख. परराज्यात माल पाठवणाऱ्याला तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. शिवाय दुकानदार आपली उलाढाल ॲपच्या पाटीवर वाचून ठरवत नाही, आणि तुम्ही विचारलीत तर खरी सांगणारही नाही.

खरी गोम मधल्या प्लॅनच्या ओळीत आहे. कंपोझिशनवाला दुकानदार नोंदणीकृत असतो, पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही. तो टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय देतो, आणि जीएसटीआर-१ त्याला लागू नाही. 'जीएसटी बिल करा' वाचलं की तो म्हणतो, हे आपल्यासाठी नाही, आणि फुकटच्या प्लॅनवरच राहतो. तुमचं ॲप दोन्ही प्रकारची बिलं करतं का?

गल्लेवाला
करतं. सेटिंगमध्ये निवडावं लागतं.

जमा_नावे
मग 'जीएसटी' शब्द ओळीतून काढा आणि बाजारात जो शब्द आहे तो घ्या: 'पक्कं बिल द्या, सीएला फाइल पाठवा.' पक्कं बिल म्हटलं की कंपोझिशनवाला आला, नियमित करदाता आला, नोंदणी नसलेलाही आला. फाइल कंपोझिशनवाल्यालाही कामाची असावी, म्हणून तिमाहीच्या विक्रीची बेरीज तरी तिच्यात द्या. त्याला सीएमपी-०८ साठी तीच लागते.

आणि 'रिटर्न भरा' असं चुकूनही लिहू नका. तुमचं ॲप फाइल तयार करतं. ती पोर्टलवर चढवणं, तपासणं, ओटीपी टाकून दाखल करणं हे माणसालाच करावं लागतं. 'भरा' लिहिलंत तर मुदतीच्या दिवशी, ११ तारखेला रात्री फोन येतील की ॲपनं भरलं का नाही.

आकडेमोड
पण 'पक्कं बिल' वरच्या प्लॅनमध्ये म्हटलं की फुकटवाल्याची बिलं कच्ची, म्हणजे दोन नंबरची, असा अर्थ निघतो.

जमा_नावे
फुकटात बिलच नाही, फक्त उधारीची नोंद आहे. तरी काहींना तसं वाटेल, हे मान्य.

खिडकीपाशी
तिसऱ्याची ओळ: 'माणसं तीन, गोदामं दोन, हिशोब एकच.'

रोजमेळ
कानाला छान आहे. पण उद्या तीनाचे पाच लॉगिन केले की पाटी खोटी पडते. आकडे खालच्या तक्त्यात ठेवा. मालकाची खरी धास्ती वेगळी असते: काउंटरवरच्या पोरानं बिल खोडलं तर कळणार कसं? म्हणून: 'बिल कोणीही करो, बदल कोणी केला ते दिसेल.'

जमा_नावे
ओळ चांगली. एक विचारतो, मालकाला ती बदलांची नोंद पुसता येते का?

गल्लेवाला
हो, जागा मोकळी करायला.

जमा_नावे
मग जाहिरातीत 'कंपन्यांसाठी' हा शब्द आणू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. एकट्याच्या किंवा भागीदारीच्या दुकानाला तो नियम नाही, पण जीएसटी नोंदणी असेल तर बदललेल्या-खोडलेल्या नोंदींचा लॉग त्यालाही ठेवावा लागतो.

किमतीचंही बघा. १४९ वर १८ टक्के जीएसटी धरला की १७५.८२ रुपये होतात. कंपोझिशनवाल्याला किंवा नोंदणी नसलेल्याला तो कर परत मिळत नाही, त्याच्या खिशातून जाणारा आकडा तोच. पाटीवर करासकट किंमत लिहा.

खिडकीपाशी
प्रोग्रामरला सांगा, फक्त दिसणारं नाव बदलायचं. कोडमध्ये कुठे `if (plan == "Premium")` असेल तर नाव बदलताच पैसे भरलेल्यांचं लॉगिन अडकेल. प्ले स्टोअरवर एकदा दिलेला प्रॉडक्ट आयडी बदलत नाही, तो तसाच राहू द्या.

```xml
<string name="plan_t2_name">दुकान</string>
<string name="plan_t2_line">पक्कं बिल द्या, सीएला फाइल पाठवा</string>
```

ओळींमधली जागाही थोडी वाढवा. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात 'पेढी'ची वेलांटी वरून कापली जाते, स्वस्त फोनवर जास्तच.

गल्लेवाला
सगळ्यांचे आभार. आता असं झालंय:

गल्ला: कोणाकडे किती येणं आहे, रोज कळेल.
दुकान: पक्कं बिल द्या, सीएला फाइल पाठवा.
पेढी: बिल कोणीही करो, बदल कोणी केला ते दिसेल.

'पेढी' फोनवर 'पिढी' ऐकू येतं, असं मदतकक्षातली ताई म्हणते. आणि इलेक्ट्रिशियन, क्लासवाले 'दुकान' घेतील का?

रोजमेळ
पाच-सहा जणांना किंमत न सांगता नुसती नावं आणि ओळी दाखवा, आणि 'यातलं तुमचं कोणतं?' एवढंच विचारा. त्यात एक क्लासवाला हवाच. तो अडखळला तर 'दुकान' बदलावं लागेल.

चटणीभाकर
'पेढी'ऐवजी 'कोठी'?

जमा_नावे
कोठी म्हणजे धान्याची. गोदामवाल्यांना आवडेल, बाकीच्यांचं माहीत नाही.