मदत हवी आहे: प्रबंधाची नामसूची आपोआप करताना विद्यापीठाचं नाव आडवं येतंय

रानवाट (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. माझा प्रबंध अमरावती जिल्ह्यातल्या ग्रामसुधारणेच्या चळवळींवर आहे, साधारण पावणेचारशे पानांचा. आता त्याचं पुस्तक होतंय आणि प्रकाशकांनी शेवटी नामसूची आणि विषयसूची मागितली आहे. मराठीतल्या संशोधनग्रंथांना बहुतेकदा सूचीच नसते, ही माझी वाचक म्हणून जुनी तक्रार. म्हणून हे काम मला नीटच करायचं आहे.

हाताने सगळं करण्याऐवजी लिबरऑफिसची सोय वापरते आहे. शब्दांची एक यादी द्यायची (तिथे तिला Concordance file म्हटलंय), मग ते मजकुरात शब्द शोधून खुणा करतं आणि सूची मांडतं. यादीतल्या काही ओळी अशा:

```
गाडगे;गाडगे महाराज;;;0;0
तुकडोजी;तुकडोजी महाराज;;;0;0
पंजाबराव;देशमुख, पंजाबराव;;;0;0
वर्धा;वर्धा;;;0;1
वऱ्हाड;वऱ्हाड;;;0;0
```

अडचणी तीन. गाडगे महाराजांच्या नोंदीत पहिलेच आकडे आले ते मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देशाचे! कारण प्रबंध संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा आहे. तुकडोजी महाराजांच्या नोंदीत नागपूर विद्यापीठ शिरलं, पंजाबरावांच्या नोंदीत अकोल्याचं कृषी विद्यापीठ. दुसरी अडचण, वर्ध्यावर माझं अख्खं प्रकरण आहे, पण सूचीत 'वर्धा'पुढे मोजकीच पानं दिसतात. आणि तिसरी, नको असलेल्या खुणा मी एकेक करून काढल्या, पण सूची Update केली की त्या परत हजर होतात. कुणी हे काम मराठीत केलंय का?

सातपुडा_पायथा

ताई, सोपं आहे. प्रकरणांच्या शीर्षकांना Heading 1, उपशीर्षकांना Heading 2 द्या. मग Insert मध्ये जाऊन Table of Contents घातला की पानांचे आकडे आपोआप येतात. आमच्या शाळेचा अहवाल मी असाच केला.

रानवाट

धन्यवाद भाऊ, पण ती पुढची अनुक्रमणिका झाली, ती तयार आहे. मला पुस्तकाच्या शेवटची सूची करायची आहे, कोणतं नाव किंवा विषय कोणकोणत्या पानांवर आलाय ती.

अचलपूरकर

ताई, मले बी हाच तरास झालता. आमच्या इकडच्या टायपिंगवाल्यानं अख्खा प्रबंध कृतीदेवमधी केलता. 'गाडगे' शोधलं तं एकबी सापडे ना. मंग एका पोरानं दाखोलं, एक परिच्छेद निवडून फॉन्ट Arial केला तं सारी इंग्रजी अक्षरं निंघाली! म्हंजे कम्प्युटरले तिथं मराठी दिसतच नोती. सारं युनिकोडमधी आणलं तवा कुठं जमलं. तुमी हे आधी पाहून घ्या.

रानवाट

माझी पहिली तीन प्रकरणं तशीच होती, नंतर युनिकोडमध्ये बदलून घेतली. बाकीची मी स्वतः मोबाईलवर आणि लॅपटॉपवर टंकली.

कापूसबोंड

लिबरऑफिस सोडा, वर्ड घ्या. त्यात AutoMark आहे. दोन रकान्यांचा तक्ता करायचा, डावीकडे शोधायचा शब्द, उजवीकडे सूचीतली नोंद. फाईल दिली की सगळं होतं, आणि नावांची व विषयांची सूची वेगवेगळीसुद्धा करता येते.

ग्रंथपाल_निवृत्त (वर्धा)

कापूसबोंड, वर्डमध्ये दोन सूच्या होतात हे खरं, पण AutoMark तेवढं करून देत नाही. प्रत्येक खुणेत \f आणि एक अक्षर घालावं लागतं, आणि AutoMark ते घालत नाही. शिवाय ते एका परिच्छेदात शब्द पहिल्यांदा येतो तिथेच खूण करतं. प्रबंधातले परिच्छेद लांब असतात. परिच्छेद पुढच्या पानावर गेला आणि नाव तिथे पुन्हा आलं तर ते पान सूचीतून सुटतं. विद्यापीठाच्या नावाचा गोंधळ तर तिथेही तसाच राहणार. ताईंनी आहे त्यातच काम करावं.

रानवाट, आधी तिसरी अडचण, म्हणजे बाकीची मेहनत वाया जाणार नाही. यादीवरून झालेल्या खुणा आपोआप झालेल्या म्हणून नोंदल्या जातात. दर Update ला लिबरऑफिस त्या सगळ्या पुसून यादीवरून नव्याने करतं. म्हणून खुणा पुसत बसू नका, यादी सुधारा. Insert मधल्या Index Entry ने हाताने केलेल्या खुणा मात्र पुसल्या जात नाहीत.

आता पहिली. 'गाडगे', 'तुकडोजी' आणि 'पंजाबराव' या तिन्ही ओळी काढा आणि या घाला:

```
गाडगेबाबां;गाडगे महाराज;;;0;0
गाडगे बाबां;गाडगे महाराज;;;0;0
गाडगे महाराजां;गाडगे महाराज;;;0;0
तुकडोजी महाराजां;तुकडोजी महाराज;;;0;0
पंजाबरावां;देशमुख, पंजाबराव;;;0;0
```

आदरार्थी बोलताना आपण 'गाडगेबाबांनी', 'महाराजांच्या', 'पंजाबरावांना' असं लिहितो, प्रत्ययाआधी अनुस्वार येतोच. विद्यापीठाच्या नावात मात्र 'बाबा', 'महाराज', 'पंजाबराव' असंच असतं, प्रत्यय शेवटच्या 'विद्यापीठ' या शब्दाला लागतो. त्यामुळे त्या अनुस्वाराने माणूस आणि संस्था आपोआप वेगळे होतात. 'गाडगेनगर'सुद्धा यातून सुटतं. राहतात फक्त प्रत्यय नसलेली वाक्यं, 'गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले' अशी. ती Find ने शोधून हाताने खूण करा, आणि त्या वेळी Apply to all similar texts वर टिचकी मारू नका, नाहीतर विद्यापीठ परत आत येईल.

दुसरी अडचण सामान्यरूपाची आहे. 'वर्धा' हा पूर्ण शब्द प्रत्यय लागल्यावर राहतच नाही, 'वर्ध्यात', 'वर्ध्याला' होतो. पूर्ण शब्दाची अट काढली तर 'वर्धापनदिन' आत येतो. म्हणून:

```
वर्धा;वर्धा;;;0;1
वर्ध्या;वर्धा;;;0;0
वर्धे;वर्धा (नदी);;;0;0
```

नदी स्त्रीलिंगी, 'वर्धेच्या काठी'. शहराचं बहुधा 'वर्ध्याला'. पण जुने लेखक गावालाही 'वर्धेला' लिहीत, त्यामुळे अवतरणं तेवढी डोळ्यांखालून घाला. नागपूर, चंद्रपूरचं असंच, 'पू'चा 'पु' होतो. तेव्हा 'नागपूर' आणि 'नागपुर' अशा दोन ओळी लागतील.

रानवाट

काका, अनुस्वाराची युक्ती अगदी चपखल बसली! मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि तळटीपांमधलं 'अप्रकाशित प्रबंध, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ' हे सगळं नोंदीतून गेलं. वर्ध्याचं प्रकरणही सूचीत आलं.

पण 'वऱ्हाड' अजून अर्धवट आहे. पहिल्या तीन प्रकरणांतला एकही नाही, पुढचे सगळे आहेत. डोळ्यांना दोन्हीकडे तोच शब्द दिसतो. आणि 'देशमुख'चं काय करू? माझ्या प्रबंधात पंजाबराव आहेत, आणि गावोगावचे देशमुख वतनदारही आहेत. 'देशमुखांनी' म्हटलं की अनुस्वार दोघांनाही लागतो. पंजाबरावांना मी काही ठिकाणी नुसतं 'भाऊसाहेब' लिहिलंय.

अचलपूरकर

ताई, 'वऱ्हाड'चं मले माईत हाय, माह्या 'पऱ्हाटी'चं तेच झालतं. बदललेल्या भागात तो ऱ् येगळ्या तऱ्हेनं बसते. अक्षराच्या मांगं कर्सर ठेवून Alt आन् X दाबा, आकडे दिसतेत.

ग्रंथपाल_निवृत्त (वर्धा)

बरोबर. एकीकडे 0931 दिसेल, दुसरीकडे 0930, 094D आणि 200D. क्वचित तिसरा प्रकारही सापडतो, 0930 च्या खाली नुक्ता, 093C. पुन्हा Alt+X दाबलं की अक्षर पूर्ववत होतं. यादीत तीन ओळी वाढवण्यापेक्षा पहिल्या प्रकरणातला 'वऱ्हाड' कॉपी करून Find मध्ये टाका, Replace मध्ये पुढच्या प्रकरणातला टाका आणि सगळे एकसारखे करा. 'भंडाऱ्यात', 'शेतकऱ्यांनी' हेही त्याच फेरीत.

देशमुखांचं काम यंत्राचं नाही. 'देशमुख' यादीतून काढा. Find All ने सगळे एकदम दाखवून घ्या आणि एकेक वाचत हाताने खूण करा, पंजाबराव नामसूचीत, वतनदार विषयसूचीत 'देशमुखी वतन' खाली. 'भाऊसाहेब' तसेच. पावणेचारशे पानांना हे दोन बैठकींचं काम आहे.

आणि दोन सूच्यांबद्दल. लिबरऑफिसमध्ये वर्णानुक्रमाची सूची एका फाईलमध्ये एकच धरली जाते. त्यामुळे फाईलच्या दोन प्रती करा, एकीला नावांची यादी, दुसरीला विषयांची. सूची शेवटी असल्यामुळे मजकुराची पानं दोन्हींत सारखीच राहतात. हातच्या खुणाही त्या-त्या प्रतीतच करा. मग दुसरीतली सूची साधा मजकूर म्हणून पहिलीत आणा. पण हे सगळं प्रकाशकाच्या आकारात पानं पक्की झाल्यावरच. ए-फोरवरचे आकडे डेमीत चालणार नाहीत.

कापूसबोंड

वर्णानुक्रम बरोबर येतो का मराठीत?

ग्रंथपाल_निवृत्त (वर्धा)

सूचीच्या खिडकीत Sort खाली Language मराठी करा आणि 'क्षेत्रसंन्यास', 'ज्ञानेश्वर' कुठे पडतात ते पाहा. काही कोश क्ष आणि ज्ञ शेवटी लावतात, काही क आणि ज मध्ये. कोणतंही चालेल, प्रकाशकाला विचारून एक धरा.

रानवाट

अजून एक. मार्गदर्शक म्हणतात नामसूची आडनावानेच हवी, म्हणजे 'जानोरकर, डेबूजी झिंगराजी' आणि 'इंगळे, माणिक बंडोजी'. मला हे पटत नाही. वाचक 'गाडगे' आणि 'तुकडोजी' याच अक्षरांवर शोधणार.

ग्रंथपाल_निवृत्त (वर्धा)

मी तुमच्या बाजूचा. पानांचे आकडे गाडगे महाराजांपुढे द्या, आणि ज-मध्ये 'जानोरकर, डेबूजी झिंगराजी: पाहा गाडगे महाराज' एवढी ओळ ठेवा. ती यादीतून येणार नाही, सूची पक्की झाल्यावर हाताने टंकावी लागेल, आणि त्यानंतर Update केलं की पुसली जाईल.

सातपुडा_पायथा

मला मार्गदर्शकांचंच बरोबर वाटतं. पंजाबरावांना आडनावाने घेतलंत, मग संतांना वेगळा नियम कशाला? एका पुस्तकात एकच पद्धत असावी.

रानवाट

मुद्दा विचार करण्यासारखा आहे भाऊ. काकांची 'पाहा'ची ओळ घेऊन मार्गदर्शकांना दोन्ही नमुने छापून दाखवते, ते काय म्हणतात ते इथे लिहीन. तोवर 'ग्रामसफाई'ची नोंद फोडायला घेतली आहे. तिच्यापुढे आकड्यांच्या चार ओळी झाल्यात, त्यातून कुणाला काही सापडणार नाही. 'ग्रामसफाई: खराटा', 'ग्रामसफाई: यात्रेतली', 'ग्रामसफाई: शाळांमधली' असं करते आहे. यादीच्या तिसऱ्या रकान्यात 'ग्रामसफाई' टाकलं की पोटनोंदी बरोबर त्याच्याखाली लागतात. फक्त 'खराटा'साठी 'खराट्या' ही ओळही द्यावी लागली.